शिक्षकाचा परिचय दर जूनमध्ये पुन्हा कडक होतो, त्यावर काय करावं

आमचं ज्युनिअर कॉलेज ठाण्यात, सकाळच्या वेळेचं. मी तिथे मराठी शिकवते, त्यामुळे कॉलेजच्या वेबसाइटवर आणि प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत जाणारे शिक्षकांचे परिचय तपासायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्या कामात एक अडचण दरवर्षी येते. कुणीतरी मॅडम किंवा सर येऊन सांगतात, "माझा परिचय वाचून मुलं घाबरतात, जरा मऊ करा." आम्ही तो मऊ करतो. पुढच्या जूनमध्ये उघडून बघावं तर तो पुन्हा होता तसाच कडक झालेला असतो. कधी तो कडक नसतो, पण इतका गोड झालेला असतो की मुलं त्यावर विश्वास ठेवत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्या अकाउंट्सच्या मॅडमच्या परिचयावर आम्ही दोघींनी नीट बसून काम केलं. मॅडम तासाला शांत असतात, कुणावर ओरडत नाहीत. तरीही अकरावीची मुलं त्यांच्याकडे शंका घेऊन यायची नाहीत. पालकांचे फोन यायचे, "मॅडम, त्याला तेरीज पत्रक कळलेलं नाही, पण तुम्हाला विचारायला तो घाबरतो." तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाकी मांडून दोन्ही बाजू जुळतात का ते बघायचा तक्ता. मुलांचे जे मोजके मेसेज यायचे ते "सॉरी मॅडम, डिस्टर्ब करतोय" असे सुरू व्हायचे. प्रवेशाच्या वेळी मुलांनी मॅडमबद्दल पहिल्यांदा वाचलेला मजकूर हा होता:

> प्रा. सौ. … या वाणिज्य शाखेत गेली 19 वर्षे पुस्तपालन व लेखाकर्म या विषयाचे अध्यापन करत असून त्या शिस्तप्रिय व अभ्यासू शिक्षिका म्हणून सुपरिचित आहेत. एम.कॉम., बी.एड. असे त्यांचे शिक्षण झाले असून विविध कार्यशाळांमध्ये त्यांनी सक्रिय सहभाग नोंदवला आहे. विद्यार्थ्यांनी नियमित उपस्थित राहून गृहपाठ वेळेत पूर्ण करावा, असा त्यांचा आग्रह असतो.

बहुतेक जण सगळ्यात आधी "शिस्तप्रिय" हा शब्द काढतात. आम्हीही एकदा तोच काढला होता आणि काही फरक पडला नव्हता. मग मी मॅडमना म्हटलं, आपण क्रियापदांखाली रेघ ओढू या. करत असून, सुपरिचित आहेत, झाले असून, नोंदवला आहे, पूर्ण करावा, आग्रह असतो. आता या मजकुरात विद्यार्थी कुठे आहे ते शोधा. तो एकदाच येतो, शेवटच्या वाक्यात, आणि तिथेही त्याला "करावा" एवढंच सांगितलेलं आहे. बाकी सगळा मजकूर मॅडमबद्दल दुसऱ्याच कुणालातरी सांगतो आहे. सोळा वर्षांच्या मुलाला हे व्याकरणात मांडता येणार नाही, पण आपण या बोलण्यात नाही आहोत हे त्याला बरोबर कळतं.

ही भाषा मंचावरून आली आहे. स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांचा परिचय करून देताना आपण "असून" लावत लावत एका श्वासात पदव्या, वर्षं आणि पदं सांगतो. तिथे ते शोभतं, कारण पाहुणा उंचावर बसलेला असतो आणि त्याला उंचावर दाखवणं हेच त्या मजकुराचं काम असतं. कागद समोर आला की आपला हात आपोआप त्याच सुरात चालायला लागतो. त्यात "त्या", "त्यांनी", "त्यांचा" हे आदराचं अनेकवचन. मराठीत ते हवंच, पण आपणच आपल्याबद्दल लिहिताना ते वापरलं की वाचणारा दोन पायऱ्या खाली जातो. आणि "यावे, असावे, करावा" ही रूपं म्हणजे तर नोटीस बोर्डाची भाषा. सूचना कितीही साधी असली तरी त्या रूपात ती ताकीद वाटते.

मॅडमनी माझ्याकडे येण्याआधी स्वतः दोन वेळा दुरुस्ती केली होती. ते दोन्ही प्रयत्न इथे देते, कारण बाकीचे शिक्षकही याच दोन वाटांनी जातात.

पहिल्या वेळी त्यांनी विशेषणं बदलली. "शिस्तप्रिय"च्या जागी "मनमिळाऊ, प्रेमळ व विद्यार्थीप्रिय" आलं, आणि शेवटी "विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी सदैव तत्पर. कोणत्याही शंकेसाठी कधीही संपर्क साधावा." वाक्यांची रचना तीच राहिली, फक्त गुण बदलले. प्रेमळपणा हा समोरच्याने अनुभवून म्हणायचा गुण आहे, तो स्वतःच्या परिचयात छापला की वाचणारा सावध होतो. त्याहून मोठा घोटाळा "कधीही" या शब्दाने केला. एका मुलीने रात्री साडेअकराला मेसेज केला. मॅडम झोपल्या होत्या, सकाळी सातला तास होता, उत्तर द्यायचं राहून गेलं. ती मुलगी पुढे महिनाभर काही विचारायला आली नाही. मॅडमना हे खूप लागलं, कारण त्या मुद्दाम गप्प बसल्या नव्हत्या. पाळता न येणारं वचन परिचयात लिहिलं की शिक्षक जेवढा कडक असतो त्याहून जास्त कडक ठरतो.

दुसऱ्या वेळी त्यांनी मुलांची भाषा वापरून पाहिली. "हाय फ्रेंड्स! अकाउंट्स म्हणजे टेन्शन? नो वरीज!" असं सुरू होणारा परिचय. तो ऑफिसमधूनच परत आला, आणि ते बरंच झालं. मुलं एकमेकांशी जशी बोलतात तशी चाळीशीतल्या मॅडम बोलायला लागल्या की मुलांना अवघडल्यासारखं होतं. त्यांना मॅडम मॅडमच हव्या असतात, फक्त जवळ जाता येईल अशा.

मग जवळ जाता येणं म्हणजे नेमकं काय, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. मी मॅडमना एकच प्रश्न विचारला: जो मुलगा तुमच्याकडे येत नाही, तो कशाला घाबरतो? "मला घाबरतो" हे उत्तर मी घेतलं नाही. दोन दिवसांनी त्या चार उत्तरं घेऊन आल्या आणि ती चारही अगदी नेमकी होती. एक, उदाहरण चुकलेलं किंवा अर्धवट असतं आणि तशी वही दाखवायची लाज वाटते. दोन, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा अकरावीला इंग्रजीतून कॉमर्सला येतो. डेबिट-क्रेडिट त्याला कळतं, पण प्रश्न इंग्रजीत जुळवता येत नाही. तीन, स्टाफरूमच्या दारात उभं राहून आत कोणत्या टेबलाकडे जायचं हे माहीत नसतं, आणि आतल्या सगळ्या माना वर होतात. चार, दिवा-कळव्याकडून किंवा घणसोली-ऐरोलीहून येणाऱ्या मुलांची गाडी पावसाळ्यात चुकते. उशीर झाला की ती तासाला यायचंच टाळतात, आणि तास बुडाला की पुढच्या तासाची शंका विचारायला तोंड राहत नाही.

परिचयाचा खरा मसुदा इथे तयार झाला. या चार भीतींना एकेक वाक्य द्यायचं आणि त्या वाक्यात विशेषण न घालता वेळ, जागा किंवा परवानगी द्यायची.

आता त्यांची 19 वर्षं. मॅडमना तो आकडा काढायचा नव्हता, आणि मलाही तो काढावासा वाटत नव्हता, ती त्यांच्या कष्टाची वर्षं आहेत. पण "19 वर्षांचा प्रदीर्घ अनुभव" वाचून मुलाला काय मिळतं? त्याच्या जन्माआधीपासून या शिकवत आहेत, एवढंच. म्हणून मी विचारलं, इतकी वर्षं शिकवून तुम्हाला असं काय कळलं आहे जे पहिल्या वर्षाच्या शिक्षकाला ठाऊक नसतं? त्या लगेच म्हणाल्या, "तेरजेतला फरक बघून चूक कुठे असेल ते मी सांगू शकते." आणि त्यांनी करून दाखवलं. दोन बाजूंत 900 चा फरक असेल तर तो 9 ने भागला जातो, मग बहुधा कुठेतरी आकडे उलटे पडलेत, 5,400 च्या जागी 4,500 लिहिले गेलेत. फरक 2,500 असेल तर त्याचा निम्मा, म्हणजे 1,250 ही रक्कम खतावणीत शोधायची. नावे बाजूची रक्कम जमेला गेली असेल तर फरक दुप्पट दिसतो. हा तपासाचा जुनाच मार्ग आहे, अकाउंट्स शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतो. पण घाबरलेल्या मुलासाठी त्यात मोठा दिलासा आहे: न जुळलेली तेरीज घेऊन गेलं तर या मॅडम तिच्यातूनच चूक शोधून देतात. अनुभव दाखवायचा तो असा, मुलाच्या वहीवर काम करताना.

राहिला प्रश्न शिस्तीचा. मॅडम एका गोष्टीबद्दल खरोखर कडक आहेत: गाइडमधून उतरवलेला गृहपाठ. मऊ वाटावं म्हणून ते लपवायचं का? मी ठामपणे नको म्हटलं. पहिल्याच आठवड्यात मुलांना ते कळणार, आणि मग बाकीचा परिचयही खोटा वाटणार. फक्त ते "करू नये" या रूपात न लिहिता कारणासह लिहायचं. नियमाला कारण जोडलं की तो समजावल्यासारखा वाटतो, आणि मुलाला एक गोष्ट स्पष्ट कळते की मॅडम रागावतात त्या याबद्दल, बाकी चुकांबद्दल नाही. ही माहिती भीती कमी करते. कशाबद्दल रागावतील ते माहीत नसणं हेच जास्त भीतीदायक असतं.

शेवटी ठरलेला मजकूर असा:

> नमस्कार. मी अकरावी आणि बारावीला अकाउंट्स शिकवते. तेरीज जुळली नाही म्हणून वही मिटून ठेवणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. तुम्ही तसं करू नका, न जुळलेली तेरीज तशीच घेऊन या. फरक किती आला ते बघून चूक कुठे शोधायची हे आपण मिळून काढू. अर्धवट सुटलेलं उदाहरणही चालेल.
>
> प्रश्न मराठीत विचारा, हिंदीत विचारा, अर्धा इंग्रजीत विचारा. सोमवार ते गुरुवार साडेबारा ते एक मी स्टाफरूममध्ये असते, दारातून आल्यावर डावीकडचं दुसरं टेबल. मेसेज केलात तर रात्री आठपर्यंत उत्तर देते, त्यानंतर आलेल्या मेसेजला दुसऱ्या दिवशी. गाडी चुकून उशीर झाला तर मागच्या दाराने येऊन बसा.
>
> गाइडमधून उतरवलेला गृहपाठ मात्र मी परत करते, कारण त्यात तुमची चूक दिसत नाही आणि मला मदत करता येत नाही.
>
> एम.कॉम., बी.एड.; 19 वर्षांपासून शिकवते.

पदव्या शेवटी आल्या, गेल्या नाहीत. प्रवेशाच्या रांगेतले पालक त्या शोधतातच आणि त्यांना त्या सापडतात. "प्रा. सौ." मधला "सौ." मॅडमनी स्वतःहून काढला. त्या म्हणाल्या, माझं लग्न झालंय का हे अकाउंट्सच्या वर्गात कुणाला हवंय. "तुम्ही" ठेवलं, "तू" नाही. "तुम्ही" एकाच वेळी सगळ्या वर्गाला उद्देशून होतं आणि मुलांना मानही देतं. अकरावीत नुकत्याच आलेल्या मुलांना ते आवडतं.

मजकूर तयार झाल्यावर तो दुसऱ्या शिक्षकांना वाचायला देऊ नका. ते भाषा बघतात. आम्ही तो माझ्या कोपरखैरण्याच्या सोसायटीतल्या, नुकतीच दहावी झालेल्या एका मुलीला दिला. "कसा वाटला?" असं विचारलं असतं तर ती "छान आहे काकू" म्हणून मोकळी झाली असती. तिला मी दोन प्रश्न विचारले: तुझं उदाहरण अडलं तर या मॅडमकडे कधी आणि कुठे जाशील? आणि या मॅडम कशाबद्दल रागावतील? पहिल्या मसुद्याला तिला पहिल्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही, आणि दुसऱ्याला ती म्हणाली, "सगळ्याबद्दल." शेवटच्या मसुद्याला तिने वार, वेळ आणि टेबल सांगितलं, आणि रागावतील ते गाइडबद्दल हेही सांगितलं. दुसऱ्या प्रश्नाला "कशाबद्दलच नाही" असं उत्तर आलं असतं तर मी मसुदा पुन्हा उघडला असता, मजकूर गोड झालाय याची ती खूण असते.

काही कॉलेजांत वेबसाइटवर "मी" चालत नाही, सगळ्यांचे परिचय तृतीय पुरुषातच हवे असतात. तेव्हाही फार काही बिघडत नाही. "त्या अकरावी-बारावीला अकाउंट्स शिकवतात. न जुळलेली तेरीज घेऊन मुलं त्यांच्याकडे येतात आणि दोघं मिळून फरक शोधतात." अंतर थोडं राहतं, पण "अध्यापन करत असून"च्या जागी "शिकवतात" आलं आणि वाक्यं तोडली की पुष्कळ मोकळं होतं. "असून" दिसलं की तिथे पूर्णविराम द्या, एवढ्या एका दुरुस्तीनेही मजकूर बोलका होतो. पीएचडी झालेल्यांनी नावाआधी "डॉ." खुशाल ठेवावं; मुलं त्याला घाबरत नाहीत, त्यानंतर येणाऱ्या सहा ओळींना घाबरतात.

व्हॉट्सॲप किंवा इन्स्टाग्रामसाठी छोटा परिचय लागतो तेव्हा वेगळी अडचण येते. व्हॉट्सॲपच्या अबाउटमध्ये 139 आणि इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये 150 चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी कॉम्प्युटरसाठी वेगळी चिन्हं असतात. "विद्यार्थी" हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, चिन्हं मोजली तर दहा होतात. त्यामुळे जागा अंदाजापेक्षा लवकर संपू शकते, आणि जागा संपायला लागली की लोक वाक्य कापून पदव्या ठेवतात. छोटा परिचय पुन्हा कडक होतो तो इथे. कापायचंच तर पदवी कापा, वेळ आणि परवानगी ठेवा. मॅडमचा छोटा परिचय असा झाला:

> अकाउंट्स शिकवते. अडलेलं उदाहरण घेऊन या, मराठीत विचारा. सोम ते गुरु 12.30 ते 1 स्टाफरूम.

सगळी चिन्हं आणि मोकळ्या जागा धरून हा शंभराच्या आत बसतो.

आता मूळ तक्रारीकडे, की एवढं करूनही पुढच्या जूनमध्ये जुना मजकूर परत येतो. आमच्याकडे त्याचं कारण शोधायला मला बरेच दिवस लागले, कारण मी ते शिक्षकांच्या स्वभावात शोधत होते. ते ऑफिसच्या फोल्डरमध्ये होतं. शिक्षकाचा एकच परिचय तीन कामांना वापरला जायचा: तपासणीच्या फाइलला, कार्यक्रमात सूत्रसंचालकाला द्यायला आणि विद्यार्थ्यांच्या माहितीपुस्तिकेला. तपासणीच्या फाइलला पदव्या, कार्यशाळा आणि वर्षं लागतातच, म्हणून दर वर्षी कुणीतरी मऊ केलेल्या मजकुरात ती परत भरायचं. त्यांचं काही चुकत नव्हतं, त्यांना तीच माहिती हवी होती. मग जूनमध्ये पुस्तिकेला तीच भरलेली फाइल जायची.

म्हणून प्रत्येक शिक्षकाच्या आता तीन वेगळ्या फाइली ठेवल्या आहेत, नावातच काम लिहिलेल्या: "कार्यालय", "मंच", "विद्यार्थी". कार्यालयाच्या फाइलीत "असून" कितीही येऊ दे, तिला आम्ही हात लावत नाही. विद्यार्थ्यांच्या फाइलीत काही भरायचं असेल तर ते त्या शिक्षकालाच विचारून भरायचं, हे क्लार्क दादांशी बोलून ठरवलं. त्यांनीच वरती एक ओळ घातली, "हा मजकूर फक्त विद्यार्थ्यांसाठी". या जूनमध्ये मॅडमचा परिचय पहिल्यांदाच जसाच्या तसा छापला गेला.

या मजकुराने सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. तासाला रागावणाऱ्या शिक्षकाचा परिचय कितीही मोकळा लिहिला तरी मुलं आठवड्याभरात खरं काय ते ओळखतात, आणि तिथे मजकुराचं काम संपतं. शिवाय यातली वेळेची ओळ नाशवंत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर टाइमटेबल बदलतं. आमच्या मॅडमचा शेवटचा तास नव्या टाइमटेबलात अकराला संपायला लागला आणि परिचयात साडेबाराच राहिलं. दोन मुलं साडेबाराला येऊन रिकाम्या टेबलासमोर थांबून गेली. मॅडमना ते शिपाई मामांकडून कळलं. त्याच दुपारी त्यांनी फाइल उघडून ओळ "अकरा ते साडेअकरा" अशी बदलली, वेबसाइटवर टाकायला दिली आणि वर्गाच्या ग्रुपवर त्या दोघांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.